लाइट गेल्यावर किती तास?

पॉवर बँकेच्या खोक्यावर पुढच्या बाजूला मोठ्ठं १०,००० छापलेलं असतं. मागच्या बाजूला, भिंग घेऊन वाचावं अशा अक्षरांत, 'रेटेड कपॅसिटी' म्हणून आणखी एक आकडा असतो. तो साधारण ५,८०० ते ६,५०० एमएएचच्या आसपास. एकाच डबीचे दोन आकडे, आणि गंमत म्हणजे दोन्ही खरे!

पुढचा आकडा आतल्या लिथियम सेलचा आहे. सेलचं सरासरी व्होल्टेज ३.७, आणि बाहेर यूएसबीतून मिळतात ५ व्होल्ट. एमएएचमध्ये फक्त विद्युतभार मोजला जातो, त्यात व्होल्टेज येत नाही. म्हणून ३.७ चे १०,००० आणि ५ चे १०,००० एकाच तराजूत घालता येत नाहीत. दोन्हींना एका मापात आणायचं तर व्होल्टने गुणायचं. १० अ‍ॅम्पिअर-तास गुणिले ३.७ व्होल्ट, म्हणजे ३७ वॅट-तास. ही डबीची खरी शिदोरी. ३.७ चे ५ व्होल्ट करणारं सर्किट त्यातला दहा-पंधरा टक्के वाटा स्वतःच गरम होण्यात घालवतं. उरले ३१ वॅट-तास. त्याला ५ ने भागा, ६,२०० एमएएच येतात. मागच्या बारीक आकड्याचा उलगडा झाला.

आता फोन. ५,००० एमएएचचा फोन म्हटला की "दहा हजारात दोनदा चार्ज" असं गणित आपण दुकानातच करून टाकतो. पण फोनची बॅटरी ३.८५ व्होल्टची, म्हणजे सुमारे १९ वॅट-तासांची. ती भरताना फोनच्या आतही थोडी ऊर्जा वाया जाते, त्यामुळे १९ भरायला २२-२३ लागतात. ३१ भागिले २२.५ म्हणजे एकदा पूर्ण आणि वर एक-तृतीयांशाहून थोडं जास्त. बस्स. दुसऱ्या चार्जिंगला पॉवर बँक मधेच मान टाकते ती खराब निघाली म्हणून नव्हे.

सगळा हिशेब एका ओळीत मावतो:

तास = वॅट-तास × कार्यक्षमता ÷ सरासरी वॅट

शाळेतल्या 'काळ, काम, वेग' इतकंच सोपं. अडचण एवढीच की या तिन्ही जागी काय भरायचं हे खोक्यावर धड कोणी सांगत नाही.

सत्तावीस हजारांवर गाडी का अडते?

मोठ्या पॉवर बँका पाहा. २०,००० मिळते, २६,८०० मिळते, २७,००० मिळते, आणि मग बहुतेक कंपन्यांचा उत्साह अचानक ओसरतो. २६,८०० हा आकडा तर एखाद्या फ्लॅटच्या भाड्यासारखा घासाघीस करून ठरल्यासारखा वाटतो. २७ ला ३.७ ने गुणा: ९९.९. विमानात परवानगी न मागता सोबत नेता येणाऱ्या लिथियम बॅटरीची मर्यादा आहे १०० वॅट-तास. १०० ते १६० मधली बॅटरी न्यायची तर विमान कंपनीची संमती लागते, आणि १६० च्या पुढची प्रवाशाला नेताच येत नाही. काही दांडग्या लॅपटॉपची बॅटरीही याच कारणाने ९९ च्या घरात येऊन थांबते. पॉवर बँक कायम हातातल्या बॅगेतच ठेवायची असते, सामानात टाकायची नाही. पेट घेतलाच तर केबिनमध्ये निदान कोणाला दिसेल तरी.

विमानतळावर सुरक्षारक्षक डबी उलटी करून पाहतो तेव्हा तो हाच आकडा शोधत असतो. ज्या डबीवर वॅट-तास किंवा क्षमता वाचता येत नाही, ती तिथेच राहण्याची शक्यता दाट. छापील अक्षरं घासून गेली असतील तर मुंबईहून निघण्याआधीच दुसरी डबी घेतलेली बरी.

लेबल सांगतं कमाल, आपल्याला हवी सरासरी

सूत्रातला भाजक म्हणजे सरासरी वॅट. इथे बहुतेकांचा अंदाज उलट बाजूने चुकतो. वाय-फाय राउटरच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट, १ अ‍ॅम्पिअर लिहिलेलं असतं. म्हणून राउटर १२ वॅटचा असं आपण धरतो. प्रत्यक्षात ते अडॅप्टर जास्तीत जास्त किती देऊ शकेल त्याचं वचन असतं. राउटर स्वतः बहुधा पाच ते आठ वॅटच ओढतो.

नक्की किती, हे मोजायला बाजारात प्लगमध्ये बसणारा छोटा वॅटमीटर मिळतो. पण एक मीटर तुमच्या जिन्याखाली आधीपासूनच आहे, तोही सरकारमान्य! वीज कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो, आणि जवळच 3200 imp/kWh असं काहीतरी छापलेलं असतं. अर्थ असा की ३,२०० लुकलुकींमागे एक युनिट, म्हणजे एक हजार वॅट-तास. या मीटरवर दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा आणि १,१२५ ला त्या सेकंदांनी भागा. आले वॅट. तुमच्या मीटरवर १,६०० लिहिलं असेल तर २,२५० ला भागा.

घरातलं सगळं बंद करून फक्त पंखा लावला आणि दर १५ सेकंदांनी दिवा लुकलुकला, तर पंखा ७५ वॅटचा. फक्त राउटर ठेवला तर पुढच्या लुकलुकीची वाट पाहत दोन मिनिटं चाळीस सेकंद जिन्यात उभं राहावं लागेल. तो ७ वॅटचा. शेजारच्या काकू "मीटरला काय टक लावून बघताय?" असं विचारतील, त्याची तयारी ठेवा. आणि इन्व्हर्टर आधी बंद करा. तो बॅटरीला थोडा थोडा चार्ज पाजत असतो, त्यामुळे तुमच्या पंख्याच्या नावावर त्याचाही खर्च चढतो. टीव्हीचा सेट-टॉप बॉक्सही सॉकेटमधूनच काढा. बरेचसे बॉक्स रिमोटने 'बंद' केल्यावरही जवळपास तितकीच वीज खात बसतात.

सरासरी आणि कमाल यांतला फरक सगळ्यात मजेदार दिसतो तो फ्रिजमध्ये. ताऱ्यांच्या लेबलवर वर्षाला २०० युनिट असं लिहिलं असेल, तर वर्षाच्या ८,७६० तासांनी भागल्यावर सरासरी निघते फक्त २३ वॅट. एका एलईडी ट्यूबलाइटइतकी! पण फ्रिज काही सतत २३ वॅट घेत नाही. कंप्रेसर चालू असताना तो शंभरच्या आसपास घेतो, मग गप्प बसतो. आणि जुन्या पद्धतीचा कंप्रेसर सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या कैकपट झटका मारतो. म्हणून छोट्या इन्व्हर्टरवर फ्रिज लावला की बॅटरी भरलेली असूनही तो 'ओव्हरलोड'ची शिट्टी वाजवतो. किती वेळ चालेल हे सरासरी ठरवते, मुळात चालेल की नाही हे कमाल ठरवते.

१८ तासांचे ९ कसे झाले

आता महाराष्ट्रातल्या घराघरांतली गोष्ट. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ट्रॉलीवर बसलेला इन्व्हर्टर आणि त्याच्याखाली १२ व्होल्ट, १५० अ‍ॅम्पिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी. १२ गुणिले १५०, म्हणजे १,८०० वॅट-तास. संध्याकाळी लाइट गेली. चालू काय आहे? साधा पंखा ७५ वॅट, ट्यूबलाइट २०, राउटर ७. एकूण १०२. दुकानदार म्हणेल, "साहेब, अठरा तास बघायला नको!" भागाकार बरोबर आहे. बॅटरीला मात्र तो मान्य नाही.

पहिली वजावट इन्व्हर्टरची. बॅटरीतल्या १२ व्होल्ट डीसीचे २३० व्होल्ट एसी करताना साधारण १५ टक्के जातात असं धरू. १०२ वॅट बाहेर द्यायला बॅटरीतून १२० घ्यावे लागतात. त्यावर इन्व्हर्टर जागा राहण्यासाठी स्वतः काही खातो, ते १२ वॅट धरा. झाले १३२, म्हणजे बॅटरीतून साधारण ११ अ‍ॅम्पिअरचा प्रवाह.

दुसरी वजावट बारीक अक्षरांतली. १५० या आकड्याशेजारी 'सी-२०' असं लिहिलेलं असतं. ती बॅटरी २० तासांत हळूहळू, म्हणजे साडेसात अ‍ॅम्पिअरने रिकामी केली तरच १५० देईल, अशी ती अट आहे. घाई केली की शिसे-आम्लाची बॅटरी हात आखडते, कारण आम्ल प्लेटच्या आतपर्यंत झिरपायला वेळ लागतो आणि तोवर व्होल्टेज पडून इन्व्हर्टर बंद होतो. जर्मनीच्या विल्हेल्म प्युकर्ट यांनी १८९७ मध्येच याचं सूत्र मांडलं. त्यात एक घातांक असतो. अशा बॅटरीसाठी तो १.२ धरला तर ११ अ‍ॅम्पिअरला वेळ येतो सुमारे साडेबारा तास.

तिसरी वजावट वयाची. तीनेक वर्षं वापरलेली बॅटरी, पाणी घालायला दोनदा विसरलेलं, म्हणून क्षमता ७० टक्के उरली असं समजा. साडेबाराचे नऊ तास झाले. कुठेही फसवणूक नाही, फक्त अठरा हा आकडा नव्या बॅटरीचा, वीस तासांच्या सावकाशीचा आणि फुकटात काम करणाऱ्या इन्व्हर्टरचा होता.

शिवाय हे नऊ तास 'शेवटच्या थेंबापर्यंत' धरलेले आहेत. रोज तळ गाठला की शिसे-आम्लाच्या बॅटरीचं आयुष्य झपाट्याने घटतं. रोजचं भारनियमन असेल तिथे सहा-सात तासांवर समाधान मानावं.

आता याच बॅटरीवर थोडी मजा करू. नवी आहे असं धरा, म्हणजे साडेबारा तासांची. आत्या मुक्कामाला आल्या, आतल्या खोलीतला दुसरा पंखा सुरू झाला. भार १०२ वरून १७७ वॅट. बॅटरीतून निघणारा प्रवाह १८ अ‍ॅम्पिअरच्या वर, आणि वेळ उतरतो जेमतेम सात तासांवर. उलट, आत्या नाहीत आणि साधा पंखा काढून तिथे ३० वॅटचा बीएलडीसी पंखा लावला. भार ५७ वॅट, प्रवाह साडेसहा अ‍ॅम्पिअर. बॅटरी आता सी-२० च्या अटीपेक्षाही सावकाश रिकामी होते आणि सुमारे २३ तास देते. ४५ वॅट वाचवले आणि तासांची संख्या दुपटीच्या जवळ गेली! नवी, मोठी बॅटरी घ्यायला निघालेल्याने आधी छताकडे बघावं, हे माझं ठाम मत आहे. बॅटरी चारपाच वर्षांनी पुन्हा घ्यावी लागते, पंखा नाही.

आपली बॅटरी किती उरली आहे हे पाहायला कोणाला बोलवायचीही गरज नाही. ती पूर्ण भरू द्या, सुट्टीच्या दिवशी सकाळी मेन स्विच बंद करा, मीटरवर मोजलेला ठरावीक भार लावा आणि 'लो बॅटरी'ची पिपाणी वाजेपर्यंतचा वेळ लिहून ठेवा. सहा महिन्यांनी तोच भार, तीच चाचणी. दोन वेळांमधला फरक म्हणजे बॅटरीचं म्हातारपण. साडेबारा तासांच्या अपेक्षेवर पिपाणी तीन तासांतच वाजली, तर बहुधा एखादा सेल गेलेला असतो. बॅटरीत सहा सेल असतात, आणि त्यातला एक जरी रुसला तरी उरलेल्या पाचांचा उपयोग होत नाही.

द्राविडी प्राणायाम, १२ व्होल्टचा

भर पावसाळ्यातली रात्र. सगळे झोपलेत, पंखा नको, दिवे बंद, फक्त राउटर चालू. राउटरला हवेत १२ व्होल्ट डीसी. खाली बॅटरी आहे १२ व्होल्ट डीसी. मधे काय होतं पाहा: इन्व्हर्टर १२ चे २३० व्होल्ट एसी करतो, ती वीज भिंतीतून सॉकेटपर्यंत जाते, आणि तिथे राउटरचा अडॅप्टर त्याचे पुन्हा १२ व्होल्ट डीसी करतो. निघालो तिथेच आलो, आणि वाटेत दोनदा जकात दिली.

हिशेब तर आणखी हसवणारा आहे. राउटर ७ वॅट, बदलण्यातली गळती धरून ८, आणि इन्व्हर्टरचं स्वतःचं जागरण १२. बॅटरीतून निघाले २०, कामाला आले ७. म्हणजे कार्यक्षमता ३५ टक्के! तोच इन्व्हर्टर पंखा-ट्यूब-राउटर चालवताना ७७ टक्क्यांवर होता. इन्व्हर्टरच्या जाहिरातीतला टक्का भरल्या भाराचा असतो. भार लहान झाला की स्वतःची भूकच मोठी दिसू लागते.

बॅटरीची तार थेट राउटरला जोडू नका मात्र. नावाची १२ असली तरी ती बॅटरी चार्ज होताना १४ व्होल्टच्या वर जाते आणि रिकामी होताना साडेदहापर्यंत उतरते. राउटरला मधे एक स्थिर १२ देणारं सर्किट लागतं. 'मिनी यूपीएस' म्हणून जी काळी डबी मिळते ती हेच करते. फक्त तिच्यावरचे मोठाले एमएएच वाचून हुरळू नका, आत सेल किती आणि वॅट-तास किती ते पाहा. २,००० एमएएचचे तीन सेल एकामागे एक जोडले तर ११.१ व्होल्ट आणि २,००० एमएएच होतात, म्हणजे २२ वॅट-तास. त्याच तीन सेलांची नुसती बेरीज करून ६,००० सुद्धा छापता येतात. २२ मधून गळती वजा केली की ७ वॅटचा राउटर पावणेतीन तासांच्या आसपास चालतो. २०,००० ची पॉवर बँक आणि ५ चे १२ व्होल्ट करणारी केबल असेल तर ७४ वॅट-तासांतून दोन वेळच्या बदलाची वजावट जाऊन ५८ उरतात, आणि राउटर आठ तास निघतो. रात्र पार पडली, आणि इन्व्हर्टरही झोपला.

मंगळावरचं हेलिकॉप्टर आणि थंडी

काम थोडं आणि जिवंत राहण्याचा खर्च जास्त, याचा अव्वल नमुना मंगळावर आहे. नासाच्या इंजेन्युइटी हेलिकॉप्टरने एप्रिल २०२१ मध्ये तिथे पहिलं उड्डाण केलं. त्याच्या पोटात सहा लिथियम-आयन सेल होते, सगळे मिळून ३५ ते ४० वॅट-तास. तुमच्या दहा हजाराच्या पॉवर बँकेइतकेच! उडताना ते सुमारे ३५० वॅट ओढायचं. ३५० वॅट दीड मिनिटासाठी, म्हणजे जेमतेम ९ वॅट-तास. मग बाकीची ऊर्जा कशाला? मंगळावरच्या रात्रीसाठी. उणे ऐंशी-नव्वद अंशांत सेल आणि सर्किटं गोठू नयेत म्हणून हीटर चालायचे, आणि बॅटरीतला सर्वांत मोठा वाटा त्यांच्याच पोटात जायचा. त्या हेलिकॉप्टरच्या हिशेबनिसांनी उड्डाणाआधी रात्रीचा हिशेब लावला होता.

मंगळावरून परत आपल्या टेबलावर येऊ. लॅपटॉपवाल्यांसाठी एक झटपट गंमत. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये हे टाका:

```
powercfg /batteryreport
```

एक फाइल तयार होते. तिच्यात `DESIGN CAPACITY` आणि `FULL CHARGE CAPACITY` असे दोन आकडे मिलिवॅट-तासांत दिसतात. पहिला जन्माच्या वेळचा, दुसरा आजचा. ५०,००० चे ३४,००० झाले असतील तर बॅटरी ६८ टक्के उरली आहे. त्या ३४ वॅट-तासांवर साधं लेखन करताना लॅपटॉप ८ वॅट घेत असेल तर चार तास मिळतील. व्हिडिओ एडिटिंगला ३० वॅट घेऊ लागला, की तासाभरात चार्जर शोधा.

सेल एक, वर्षं १८५

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. भिंतीवरचं क्वार्ट्झ घड्याळ एका पेन्सिल सेलवर वर्षभर का चालतं? चांगल्या अल्कलाइन सेलमध्ये साधारण ३ वॅट-तास असतात, आणि घड्याळ घेतं अंदाजे ०.३ मिलिवॅट. भागाकार केला की दहा हजार तास, म्हणजे चौदा महिने. इथे गळती जवळपास शून्य, कारण व्होल्टेज बदलणारं काहीच मधे नाही.

याहून काटकसरी यंत्र इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या क्लॅरेंडन प्रयोगशाळेत आहे. काचेच्या आवरणाखाली दोन छोट्या घंटा, त्यांच्यामध्ये लोंबणारा धातूचा लहानसा गोळा, आणि वर गंधकाने लिंपलेल्या दोन कोरड्या बॅटऱ्या. लंडनच्या वॉटकिन अँड हिल या कारागिरांनी ते बनवलं, १८४० मध्ये ते सुरू झालं, आणि मधल्या किरकोळ थांब्यांखेरीज गोळा अजूनही एका घंटेवरून दुसरीकडे हेलपाटे घालतो आहे. आत नेमकं काय आहे हे पाहायला कोणी बॅटरी फोडत नाही, कारण फोडली की प्रयोग संपला.

आपण आपलं सूत्र लावू. व्होल्टेज सुमारे २,००० आणि प्रवाह एका नॅनो-अ‍ॅम्पिअरच्या आसपास धरला तर शक्ती होते २ मायक्रोवॅट. वर्षाला ०.०१७५ वॅट-तास. १८५ वर्षांचे मिळून सव्वातीन. म्हणजे घड्याळातल्या त्या एका पेन्सिल सेलाइतक्या ऊर्जेवर ही घंटा राणी व्हिक्टोरियाच्या काळापासून वाजते आहे!

कागदावर पाहिलं तर ९९.९ वॅट-तासांची विमानवाली पॉवर बँक तिला साडेपाच हजार वर्षांहून जास्त पुरेल. मधे व्होल्टेज वाढवणारं सर्किट घातलं असं धरलं, तरी एक अडचण आहे. बऱ्याच पॉवर बँका काही ठरावीक मिलि-अ‍ॅम्पिअरपेक्षा कमी प्रवाह दिसला की "कोणी जोडलेलंच नाही" असं समजून अर्ध्या-एक मिनिटात स्वतःहून बंद होतात. त्यामुळे प्रत्यक्षात घंटा वाजेल तीस-चाळीस सेकंद.